अ‍ॅप उडवलं, पण माझा आधार अजून त्यांच्याकडेच आहे!

*ताई, मोबाइल घ्यायला दीड वर्षापूर्वी एका लोन अ‍ॅपवरून 18 हजार घेतले होते. सहा हप्त्यांत फेडले, अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं, वाटलं विषय संपला. आता रोज 'तुमचं दोन लाखांचं लोन अप्रूव्ह झालंय' म्हणून फोन येतात, आईलाही येतात कारण रेफरन्स म्हणून तिचा नंबर दिला होता. चॅटवर 'माझा डेटा डिलीट करा' म्हटलं तर 'नियमानुसार शक्य नाही' एवढंच उत्तर. आधार, पॅन, सेल्फी, बँक स्टेटमेंट सगळं त्यांच्याकडे आहे. अकाउंट रीतसर बंद करून माहिती काढायला लावता येते का? आणि लिहायचं कसं?*
*— वैतागलेली, नाशिक*

अगं येते, पण सगळी नाही. चॅटवाल्याने तुला जे उत्तर दिलंय ना, ते अर्धं खरं आहे आणि अर्धं कामचुकारपणा आहे, आणि नेमका कुठला अर्धा खरा हे तुला माहीत असलं की पुढचं बरंच सोपं जातं.

मी स्वतः एका फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागात नऊ वर्षं काढली आहेत (नाव नको विचारूस), त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते. 'Delete all my data' असं एका ओळीचं पत्र आलं की आमच्याकडे एक तयार उत्तर असायचं, 'कायद्याने माहिती ठेवणं बंधनकारक आहे, क्षमस्व', बटण दाबायचं, तिकीट बंद. दहा सेकंदांचं काम. खोटं पण नव्हतं ते, कारण 'सगळा' डेटा खरंच पुसता येत नाही, मग 'सगळा' मागणाऱ्याला 'नाही' म्हणणं बरोबरच ठरतं! पण कोणी तुकडे करून मागितलं, म्हणजे हे कायद्याने ठेवा, हे काढा, हे थांबवा, आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर द्या, की मग ते तयार उत्तर चालायचं नाही, पत्र वरच्या माणसाकडे सरकवावं लागायचं. तुझं सगळं पत्र याच एका गोष्टीवर उभं करायचंय.

पण पत्राच्या आधी तीन-चार कामं आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर घोळ होतो.

पहिलं म्हणजे तुला पैसे कोणी दिले ते शोध. अ‍ॅपने नाही दिले. अ‍ॅप हा बहुतेक वेळा मधला दलाल असतो, पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी, मागे असते आणि तिचं नाव भलतंच असतं, कधी ऐकलेलंसुद्धा नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमात जबाबदार ती एनबीएफसी आहे, अ‍ॅपवाल्याने डेटाचं काय केलं याचीसुद्धा. तुझ्या ईमेलमध्ये लोन घेतलं त्या दिवशीचा अ‍ॅग्रीमेंटचा पीडीएफ असेल, त्यासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचं एक-दोन पानांचं पत्रक असेल, त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन-ईमेल असतो. ते सापडलं नाही तर बँकेच्या पासबुकात 18 हजार जमा झाले त्या एंट्रीत कोणाचं नाव आहे ते बघ. तेही कळलं नाही तर सिबिलचा, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोचा, रिपोर्ट काढ, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव असतंच. आणि रिझर्व्ह बँकेने जुलै 2025 पासून आपल्या वेबसाइटवर कुठल्या संस्थेचं कुठलं अ‍ॅप याची यादीच टाकली आहे, त्यात तुझ्या अ‍ॅपचं नाव टाकून बघ.

दुसरं, लोन खरंच बंद झालंय का? तू म्हणशील फेडले की सहा हप्ते. माझ्या वहिनीने पण फेडले होते, बारा हजाराचं लोन, शेवटचा हप्ता दिला आणि मोकळी झाली. पण एका हप्त्याला बँकेत पैसे एक दिवस उशिरा पडले होते, त्याचे 37 रुपये दंड म्हणून खात्यावर बसले होते आणि ते कोणी तिला सांगितलंच नाही. कंपनीच्या सिस्टिमला 37 रुपये असो की 37 हजार, बाकी म्हणजे बाकी, लोन 'अ‍ॅक्टिव्ह'! आणि लोन अ‍ॅक्टिव्ह असताना डेटा डिलीट करायचा अर्ज केला की पहिल्याच दारात परत पाठवतात, तेही बरोबरच आहे, कारण देणं बाकी असताना माहिती ठेवायचा त्यांना हक्क आहे. म्हणून आधी एनबीएफसीकडे स्टेटमेंट ऑफ अकाउंट आणि नो ड्यूज म्हणजे एनओसी माग. सिबिलच्या रिपोर्टमध्ये त्या लोनसमोर 'Closed' आणि बाकी शून्य दिसतंय ना तेही बघ. आता कंपन्यांना ही माहिती महिन्यातून निदान दोनदा पाठवावी लागते, त्यामुळे वर्षभरानंतरही 'Active' दिसत असेल तर काहीतरी अडकलंय समज. ते चुकीचं असेल तर ब्युरोकडे तक्रार टाक, 30 दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

एनओसी आणि स्टेटमेंट हातात येईपर्यंत अ‍ॅपमधलं 'Delete account' बटण दाबू नकोस!! हे ठळक अक्षरात वाच. लोक रागाच्या भरात तेच आधी दाबतात, लॉगिन जातं, आणि मग स्वतःचीच कागदपत्रं मागायला तिऱ्हाइतासारखं दारात उभं राहावं लागतं. पीडीएफ डाउनलोड कर, स्वतःला मेल कर, शेवटच्या हप्त्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेव.

तिसरं काम म्हणजे दोन उघड्या खिडक्या बंद करणं, ज्या अ‍ॅप उडवल्याने बंद होत नाहीत. एक ऑटो-डेबिटचं मँडेट. हप्ता आपोआप कापायला तू परवानगी दिली असशील, ती बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा यूपीआय असेल तर यूपीआय अ‍ॅपच्या Autopay मध्ये दिसते, लोन बंद झालं असेल तर ती रद्द कर. दुसरी खिडकी फार जणांना माहीतच नसते. बँक स्टेटमेंट तू पीडीएफ अपलोड करून दिलं होतंस की 'बँक निवडा, ओटीपी टाका' असं काही केलं होतंस? ओटीपीवालं असेल तर ते बहुधा अकाउंट अ‍ॅग्रीगेटरमार्फत, म्हणजे तुझ्या संमतीने बँकेतली माहिती कंपनीला पोचवणाऱ्या मधल्या संस्थेमार्फत, गेलं, आणि ती संमती कधी एकदाच डेटा घेण्याची असते तर कधी ठरावीक काळ परत परत घेण्याची. त्या वेळी ज्या अ‍ॅग्रीगेटरचं नाव स्क्रीनवर आलं होतं (ओटीपीच्या एसएमएसमध्ये सापडेल) त्याच्या अ‍ॅपवर त्याच मोबाइल नंबरने लॉगिन कर, दिलेल्या संमत्यांची यादी दिसेल, चालू असलेली Revoke कर. गूगलने लॉगिन केलं असशील तर गूगल अकाउंटमध्ये myaccount.google.com/connections इथे जाऊन ते अ‍ॅप तिथूनही काढ.

आता मुख्य मुद्दा, काय राहणार आणि काय जाणार.

राहणार ते असं. तुझी केवायसी, म्हणजे आधार-पॅनची नोंद, फोटो, आणि पैशांच्या व्यवहाराचा हिशोब. मनी लाँडरिंगच्या कायद्यात, पीएमएलएत, ग्राहकाशी संबंध संपल्यानंतर ओळखीची कागदपत्रं पाच वर्षं ठेवायला सांगितली आहेत. म्हणजे समज तुझं लोन मार्च 2025 मध्ये बंद झालं असेल तर मार्च 2030 पर्यंत ते ठेवणार, आणि यावर भांडण्यात दम घालवू नकोस. तसंच क्रेडिट ब्युरोकडे गेलेली माहिती. ते लोन तुझ्या रिपोर्टमध्ये बंद झालेलं म्हणून दिसत राहील, आणि वेळेवर फेडलेलं असेल तर ते तुझ्या फायद्याचंच आहे, पुसायला सांगू पण नकोस.

पण पाच वर्षं ठेवणं म्हणजे पाच वर्षं वापरणं नाही. इथेच चॅटवाल्याचं उत्तर खोटं पडतं. कायद्यासाठी कपाटात ठेवलेला नंबर मार्केटिंगच्या पोराने काढून तुला दोन लाखांचं लोन विकायला फोन करायचा, हे त्या कायद्यात कुठेच नाही. आणि बाकीचं बघ: लोकेशन, फोनची माहिती, रेफरन्सचे नंबर, लोन द्यायचं की नाही ते ठरवायला घेतलेलं बँक स्टेटमेंट, दुसऱ्या 'पार्टनर' कंपन्यांना पाठवलेली प्रोफाइल. यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल 'ही कुठल्या कायद्याने ठेवलीय' असं विचारता येतं. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम पहिल्यांदा सप्टेंबर 2022 मध्ये आणले आणि 2025 मध्ये परत एकत्र करून काढले, त्यात सरळ लिहिलंय की कर्जदाराला दिलेली संमती मागे घ्यायचा आणि गरज असेल तर अ‍ॅपला डेटा पुसायला लावायचा पर्याय मिळाला पाहिजे, तिसऱ्या कोणाला माहिती द्यायला नकार देता आला पाहिजे. मधल्या अ‍ॅपवाल्याने तर नाव, पत्ता, संपर्क असली कामापुरती माहिती सोडून काही साठवायचंच नाही असंही त्यात आहे. आणि फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचाच नाही.

कॉन्टॅक्ट लिस्टचं विशेष सांगते कारण लोक घाबरतात ते यालाच. प्ले स्टोअरनेही 31 मे 2023 पासून पर्सनल लोनच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला बंदी केली, तुझं लोन त्यानंतरचं आहे. त्यामुळे तू प्ले स्टोअरवरून घेतलं असशील तर बहुतेक तुझी पूर्ण यादी त्यांच्याकडे नाही, आईचा नंबर तू स्वतः टाइप केलास म्हणून गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून APK टाकलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याचं खाली सांगते.

पत्र कोणाला? एनबीएफसीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, आणि त्याच मेलमध्ये कॉपी अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला. फक्त अ‍ॅपला लिहिलं तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना 'आमच्याकडे तक्रार आलीच नाही' म्हणायला एनबीएफसी मोकळी राहते. मेल त्याच आयडीवरून कर जो लोन घेताना दिला होता. चॅटवर काही मागू नकोस, चॅटचा पुरावा राहत नाही. पत्र साधारण असं:

*विषय: संमती मागे घेणे, खाते बंद करणे आणि वैयक्तिक माहिती काढून टाकणे. कर्ज खाते क्रमांक (इथे नंबर)*

*महोदय/महोदया,*

*वरील कर्ज मी पूर्ण फेडले असून आपले नो ड्यूज पत्र सोबत जोडले आहे. कर्ज घेताना माझ्या माहितीच्या वापरासाठी दिलेली संमती मी या पत्राने मागे घेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या निर्देशांनुसार आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 च्या नियमांतील नियम 5(7) नुसार ही मागणी आहे. खालील प्रत्येक मुद्द्याचे स्वतंत्र उत्तर द्यावे.*

*एक, माझे अ‍ॅपवरील खाते कायमचे बंद करावे. तात्पुरते निष्क्रिय करणे मला मान्य नाही.*

*दोन, माझा मोबाइल नंबर व ईमेल कर्जाच्या किंवा इतर कुठल्याही जाहिरातीसाठी वापरणे आपण आणि आपल्या वतीने काम करणाऱ्या सर्वांनी थांबवावे.*

*तीन, माझे लोकेशन, फोनची माहिती, बँक स्टेटमेंट आणि रेफरन्स म्हणून दिलेले नंबर काढून टाकावेत. यातले काही ठेवणे आवश्यक असेल तर कुठल्या कायद्याच्या कुठल्या तरतुदीने आणि कुठल्या तारखेपर्यंत ते लिहावे.*

*चार, माझी माहिती ज्या ज्या संस्थांना दिली त्यांची नावे कळवावीत आणि त्यांनाही ती काढून टाकण्यास सांगावे. क्रेडिट ब्युरोंना दिलेली माहिती यात धरू नये.*

*पाच, कायद्याने ठेवावी लागणारी केवायसी आणि व्यवहारांची नोंद आपण ठेवू शकता. ती इतर कुठल्याही कामासाठी वापरली जाणार नाही याची लेखी खात्री द्यावी आणि ती कधी नष्ट होईल ती तारीख कळवावी.*

*ओळख पटवण्यासाठी माझ्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवता येईल. 30 दिवसांत पूर्ण उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन.*

*(नाव, तारीख)*

मराठीत पाठवलंस तरी चालेल, पण खरं सांगू, ते वाचणारा माणूस बंगळुरू किंवा गुरुग्रामला बसलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून खाली त्याचंच इंग्रजी जोड, उगाच 'भाषा समजली नाही' म्हणून चार दिवस जायला नकोत. आणि पाचवा मुद्दा गाळू नकोस. तुला वाटेल आपणच कशाला त्यांना ठेवा म्हणून सांगायचं, पण त्या एका ओळीने त्यांचं ते तयार उत्तर निकामी होतं, कारण ज्या कायद्याच्या आड ते लपणार तो तू आधीच मान्य करून टाकलास. मग उरलेल्या चारांवर त्यांना बोलावंच लागतं.

तू कदाचित म्हणशील की नवीन डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय त्याचं नाव का नाही टाकलं. 2023 चा डीपीडीपी कायदा, त्याच्या कलम 12 मध्ये माहिती पुसून घ्यायचा हक्क आहे, बरोबर. पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि हक्कांचा हा भाग त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतो. त्याआधी फक्त त्याच कलमावर पत्र उभं केलंस तर 'हे अजून लागू नाही' असं एका ओळीत परत येईल आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर असेल. इंटरनेटवर फिरणारी तयार पत्रं बघितली तर निम्म्यांत हे कलम ठोकलेलं असतं आणि उरलेल्यांत तर चक्क युरोपचा जीडीपीआर! नाशिकच्या माणसाने नाशिकमध्ये बसून घेतलेल्या लोनला जीडीपीआरचा काय संबंध. म्हणून मी जुने 2011 चे नियम आणि रिझर्व्ह बँकेचे निर्देश टाकलेत. मे 2027 नंतर लिहिणारीने मात्र कलम 12 च टाकावं, तेव्हा ते जुने नियम बाजूला होतात.

आता पाठवल्यावर काय होतं ते वहिनीच्याच उदाहरणाने सांगते, म्हणजे मध्येच तुझा धीर सुटणार नाही. 37 रुपये भरून एनओसी घेतली आणि 3 तारखेला मेल केला. 4 ला तिकीट नंबर आला. 7 ला तेच तयार उत्तर, 'रेग्युलेटरी कारणाने शक्य नाही'. ती म्हणाली झालं, संपलं. मी म्हटलं थांब, आता कुठे सुरू झालंय. त्याच मेलला रिप्लाय केला, नवीन मेल नाही, 'आपले उत्तर पाचव्या मुद्द्याला लागू आहे, ती नोंद ठेवायला माझी हरकत नाहीच. मुद्दा एक ते चार यांचे उत्तर बाकी आहे.' बस, दोन ओळी. 12 ला फोन आला एका गोड आवाजाच्या मुलीचा, 'मॅडम तुमची ओळख पटवायची आहे, आधारचा पुढून-मागून फोटो पाठवा'. आता गंमत बघ, डेटा पुसायला सांगतोय आणि हे अजून डेटा मागतायत! नाही पाठवला. ओटीपी घ्या म्हटलं, पण तो सुद्धा फोनवर वाचून नाही दाखवायचा हं, त्यांच्या अ‍ॅपमध्ये किंवा त्यांनी अधिकृत मेलवरून पाठवलेल्या लिंकवर टाकायचा. कागद हवाच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार निघतो ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तो द्यायचा, आणि त्यावर 'फक्त खाते बंद करण्यासाठी' आणि तारीख लिहून.

19 तारखेला मेल आला, 'तुमचं अकाउंट डीअ‍ॅक्टिव्हेट झालं आहे'. हा दुसरा सापळा. डीअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे दाराला कडी लावली, घर तसंच. कळतं कसं? त्याच नंबरने परत लॉगिन करून बघायचं. ओटीपी टाकल्यावर 'वेलकम बॅक' म्हणून जुनं नाव आणि जुना फोटो दिसला तर काहीच पुसलेलं नाही, कोरा नवीन फॉर्म आला तर अकाउंट गेलंय, निदान अ‍ॅपच्या बाजूने तरी. वहिनीला वेलकम बॅकच आलं. स्क्रीनशॉट काढला, त्याच मेलच्या साखळीत जोडला. 31 ला शेवटचं उत्तर आलं आणि ते मात्र नीट, मुद्द्यांप्रमाणे होतं: अकाउंट काढलं, मार्केटिंग बंद, रेफरन्सचे नंबर आणि लोकेशन काढलं, दोन पार्टनर कंपन्यांची नावं दिली, केवायसी अमुक तारखेपर्यंत ठेवणार. बँक स्टेटमेंट मात्र 'कर्ज मंजुरीच्या नोंदीचा भाग' म्हणून ठेवलं, काढलं नाही. त्यावर आम्ही पुढे गेलो नाही. लढता आलं असतं कदाचित, पण मंजुरी कशाच्या आधारावर दिली हे दाखवायला कंपनीला काहीतरी ठेवावं लागतं हे मलाही माहितेय, मी तिकडे बसलेली आहे. त्यांनी खरंच सर्व्हरवरून पुसलं की नाही हे तुला-मला उघडून बघता येत नाही, पण लेखी उत्तर हातात असलं की नंतर एक जरी फोन आला तरी तो पुरावा होतो.

30 दिवसांत उत्तर नाही, किंवा आलं ते टोलवाटोलवीचं, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार टाक. फुकट आहे, वकील लागत नाही. तिथे 'माझ्या प्रायव्हसीचं उल्लंघन झालं' असलं मोघम लिहू नकोस, 'अमुक तारखेला संमती मागे घेतली, तरी अमुक तारखांना जाहिरातीचे फोन आले, आणि मुद्दा दोन व तीनचं उत्तर मिळालं नाही' असं तारखांसकट लिही, तुझा पहिला मेल आणि त्यांचं उत्तर जोड. पहिला मेल जोडला नाही तर तक्रार तिथल्या तिथे परत येते, आधी कंपनीकडे जा म्हणून. अगदी लहान काही एनबीएफसी लोकपालाच्या कक्षेत नसतात, पण पोर्टल तेच आहे, तशी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक संरक्षणाच्या दुसऱ्या कक्षाकडे जाते, तू त्याची काळजी करू नकोस.

आणि लिंकवरून टाकलेलं APK असो की दुसरं अ‍ॅप, शोधूनही मागे कुठलीच बँक-एनबीएफसी सापडली नाही, यादीत अ‍ॅप नाही, अ‍ॅग्रीमेंट नाही, तर मात्र हे पत्र पाठवूच नकोस. तसल्या लोकांना 'मी अजून या नंबरवर आहे' एवढंच त्यातून कळतं. त्यांची तक्रार sachet.rbi.org.in वर, आणि धमकी किंवा फोटो पसरवायची भाषा झाली तर 1930 ला फोन आणि cybercrime.gov.in.

रोजच्या फोनसाठी पत्राच्या उत्तराची वाट बघत बसायची गरज नाही. 1909 वर डीएनडी लाव आज, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक फोनचा नंबर, तारीख, वेळ एका वहीत लिहून ठेव, तोच पुढे लोकपालाला लागणारा पुरावा. फक्त एक, ते फोन तुझ्याच अ‍ॅपवाल्याकडून येतायत असं गृहीत धरू नकोस. एकदा उचल, शांतपणे विचार कुठल्या कंपनीतून बोलताय आणि माझा नंबर कुठून मिळाला. वेगळ्याच कंपनीचं नाव आलं तर ते पत्राच्या चौथ्या मुद्द्यात लिही, 'या संस्थेकडे माझी माहिती कशी गेली'. या प्रश्नाने तक्रार विभागात जेवढी धावपळ होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नाही, अनुभवाने सांगते.

राहता राहिली आई. तिचं पत्र वेगळं. तू तुझ्या पत्रात तिचा नंबर काढायला सांगितलास ते ठीक, पण नंबर तिचा आहे, तिने कधी कोणाला संमती दिलेलीच नाही, त्यामुळे तिची बाजू तुझ्यापेक्षा मजबूत आहे. तिच्या मेलवरून, नसेल तर तिच्या सहीचं पत्र स्कॅन करून, त्याच अधिकाऱ्याला दोनच ओळी: 'मी आपली ग्राहक नाही, जामीनदार नाही. माझा हा नंबर आपल्याकडे कसा आला ते कळवा आणि तो सगळीकडून काढा.' तिच्या बाबतीत केवायसी नाही, लोन नाही, त्यामुळे पाच वर्षांचं कारण तिला सांगताच येत नाही. वहिनीच्या वेळी सासूबाईंचं पत्र आम्ही असंच पाठवलं होतं, त्यांचा नंबर आठव्या दिवशी निघाला, वहिनीचा निघायला महिना लागला.